ठरायच्या आधीचा वाढदिवस

लग्नाच्या बायोडेटात नावाखाली लगेच जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मगाव असतं. पत्रिका जुळवायची तर ते लागतंच. त्यामुळे आपल्याकडे एक विलक्षण परिस्थिती तयार होते. एखादी मुलगी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी कराडला जन्मली, हे मुलाला आणि त्याच्या आत्यामामांना नेमकं ठाऊक असतं. पण तिला चहा आवडतो की कॉफी, गर्दी आवडते की एकटं बसणं, हे कुणालाच माहीत नसतं. मग पत्रिका जमते, पोहे होतात, दोघं एकदा बाहेर भेटतात, फोनवर बोलायला लागतात. होकार-नकार अजून कुणी उच्चारलेला नसतो. आणि नेमका याच दिवसांत दोघांपैकी एकाचा वाढदिवस येतो.

मी पुण्यातल्या एका वधू-वर सूचक केंद्रात बरीच वर्षं काम करते. तिथे येणारी मुलं-मुली मानपान, हुंडा, पत्रिका यांबद्दल फारसं विचारत नाहीत. ते आईवडील विचारतात. मुलं विचारतात ते असलं काही: “शनिवारी तिचा वाढदिवस आहे. काही द्यावं का? दिलं तर जास्त होईल का? नाही दिलं तर बरं दिसेल का?” प्रश्न साधा वाटतो, पण या टप्प्यावर दिलेल्या भेटीवरून बोलणी अडखळलेली मी पाहिली आहेत, आणि एका ओळीच्या शुभेच्छेनं अवघडलेपण गेलेलंही पाहिलं आहे. म्हणून त्याबद्दल नीट लिहिते.

आधी ही भेट वेगळी का, ते पाहू. साखरपुड्यानंतर दिलेली भेट नात्यातली असते, जुन्या मित्राला दिलेली भेट मैत्रीतली असते. चुकली तरी नातं ती सांभाळून घेतं. इथे सांभाळून घेणारं नातंच अजून नाही. समोरच्या माणसाकडे तुम्हाला ओळखण्याची साधनं फार थोडी आहेत, त्यामुळे जे काही हातात येईल त्यातून तो अर्थ काढणार. शिवाय अर्थ काढणारा तो एकटा नाही. त्याची आई, बहीण, वहिनी, कधी शेजारच्या काकूसुद्धा त्या वस्तूचा अर्थ लावायला बसलेल्या असतात.

एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नुकतीच ओळख झालेल्या तरुण-तरुणींना एकमेकांकडून आलेली म्हणून भेट दिली गेली. काहींना मनासारखी, काहींना नकोशी. नकोशी भेट मिळालेल्या मुलांना ती मुलगी आपल्यासारखी नाही, आपलं जुळत नाही, असं वाटू लागलं. मुलींवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे नव्या ओळखीत चुकलेली वस्तू नुसती कपाटात पडून राहत नाही, ती माणसाबद्दलचं मत बनवते. आपल्याकडे काळजी नेहमी “मुलानं मुलीला काय द्यावं” याचीच केली जाते, मुलगी देणार असेल तर “दे गं काहीतरी, मुलांना काय कळतंय” म्हणून सोडून देतात. त्या समजुतीला हा अभ्यास छेद देतो.

दुसरी गोष्ट परतफेडीची. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1925 साली भेटवस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परत देणं ही तिन्ही बंधनं एकमेकांत गुंतलेली असतात, हे त्यात त्यानं अनेक समाजांची उदाहरणं घेऊन मांडलं. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. लग्नात आहेराची वही घेऊन बसलेला माणूस, त्यात लिहिलेली नावं आणि रकमा, आणि पुढे त्या घरी कार्य निघालं की ती वही काढून पाहणं, हे आपल्या घराघरांत चालत आलं आहे. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हाही त्याच वहीचा न लिहिलेला भाग. त्यामुळे ओळख नवी असताना तुम्ही चार हजारांचं घड्याळ दिलं, की त्या मुलीच्या घरात पहिला विचार “किती छान” असा होत नाही. “आता आपल्याला काय द्यावं लागेल” असा होतो. आणि त्यामागोमाग दुसरा: “यांनी काय ठरवूनच टाकलं की काय?”

आता एक उदाहरण सविस्तर सांगते. माझ्या भाच्याचंच आहे, आणि त्याला विचारून लिहिते आहे.

तो पुण्यात एका कंपनीत इंजिनिअर. साताऱ्याजवळच्या गावातल्या माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या मुलीचं स्थळ आलेलं. एकदा घरी पाहण्याचा कार्यक्रम झाला, एकदा दोघं बाहेर भेटली, आणि मग अधूनमधून रात्री फोन होऊ लागले. तिचा वाढदिवस गुरुवारी होता आणि रविवारी दोघं पुन्हा भेटणार होती. तो माझ्याकडे आला तेव्हा मोबाईलवर एका चांदीच्या पेंडंटचा फोटो काढूनच आला होता.

“मावशी, हे कसं वाटतं? फार महाग नाहीये.”

“अरे, अंगावर घालायची वस्तू आहे ती. तिच्या आईनं विचारलं, हे कुठून आलं, तर ती काय सांगेल?”

हा माझा पहिला निकष. नव्या ओळखीतली भेट घरातल्या चार माणसांसमोर बिनधास्त उघडता आली पाहिजे. दागिना, मग तो चांदीचा आणि पाचशे रुपयांचा का असेना, आपल्याकडे नातं सांगतो. साडीही सांगते, मुलाकडून साडी आली की ओटी, साखरपुडा हेच डोळ्यांसमोर येतं. बांगड्या, जोडवी यांचं तर बोलायलाच नको. अत्तर आणि परफ्यूम अंगाशी फार जवळ जातात. कपड्यांचं माप विचारावं लागतं, आणि ते विचारणंच अवघड. कुंडीतलं रोप छान दिसतं, पण ते जगवायची जबाबदारी तुम्ही न विचारता दुसऱ्याच्या गळ्यात घालता. ते वाळलं की तिला अपराधी वाटतं. स्वयंपाकघरातली वस्तू चांगल्या मनानं दिली तरी मुलीला त्यातून “उद्या हे तुलाच करायचंय” असं ऐकू येतं. व्यक्तिमत्त्व विकासाचं पुस्तक तर कधीच देऊ नये. तुमच्यात सुधारणेला वाव आहे, असं वाढदिवसाला कुणी ऐकू नये.

मी त्याला म्हटलं, पेंडंट राहू दे. आतापर्यंत तिनं तुला स्वतःहून काय काय सांगितलंय, ते एका कागदावर लिही.

“स्वतःहून” हा शब्द महत्त्वाचा आहे. तो लगेच म्हणाला, तिच्या इन्स्टाग्रामवर तीन वर्षांपूर्वीचा एक फोटो आहे, गोव्यातल्या कुठल्याशा कॅफेतला, तिथले मग तिला आवडलेले दिसतात. मी त्याला थांबवलं. तिनं तुम्हाला सांगितलेली गोष्ट आणि तुम्ही शोधून काढलेली गोष्ट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सांगितलेलं लक्षात ठेवलं तर माणूस सुखावतो. न सांगितलेलं तुम्हाला माहीत आहे असं कळलं, तर तो सावध होतो, आणि मुलीच्या बाबतीत ही सावधगिरी अगदी रास्त आहे. तिचा बायोडेटा आधीच किती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून किती अनोळखी लोकांकडे फिरला असेल, याची तिला जाणीव असते. त्यात आणखी एकानं आपल्या जुन्या फोटोंपर्यंत जाऊन पोहोचावं, हे तिला आवडणार नाही. तिच्या मैत्रिणीला गुपचूप विचारणं हाही त्यातलाच प्रकार. नात्याला वर्ष झालं की ते गोड वाटेल, तीन आठवड्यांत नाही.

त्याचा कागद असा झाला. तिला वर्गात आठवीची मुलं सर्वांत जास्त आवडतात. एसटीनं जाते-येते, खिडकीची जागा मिळाली की वाचते. केकमध्ये अंडं चालत नाही. संध्याकाळी वह्या तपासताना बोटं लाल होतात, कारण अजून शाईपेन वापरते. स्वतःचं काही लिहायला बसते तेव्हाही शाईपेनच. गावातल्या दुकानात निळ्याशिवाय शाई मिळत नाही, असं एकदा हसत म्हणाली होती.

“झालं की,” मी म्हटलं, “शेवटची ओळ वाच.”

अशा कागदावर काय शोधायचं, ते सांगते. आवडी शोधायच्या नाहीत, कारण आवडीच्या वस्तू त्या माणसाकडे आधीच असतात आणि त्यातलं बरं-वाईट त्यालाच जास्त कळतं. गाणं आवडणाऱ्याला गाण्याबद्दलची वस्तू देणं म्हणूनच अवघड. शोधायची ती एखादी बारीकशी अडचण, बोलता बोलता निघालेली, तिच्यासाठी इतकी लहान की तिनं ती सोडवायचं मनावर घेतलेलं नाही. गावात शाई न मिळणं ही तशी अडचण होती. ती सोडवायला पुण्यात अप्पा बळवंत चौकापर्यंत जाण्यापलीकडे काही लागणार नव्हतं.

पण शाई घेणं म्हणजेही नुसती बाटली उचलणं नव्हे. भाचा आयुष्यभर बॉलपेन वापरलेला. दुकानात जाऊन “शाई द्या” म्हणाला असता तर चित्रकलेची काळी वॉटरप्रूफ शाई घेऊन आला असता. त्या शाईत काजळीसारखे बारीक कण आणि लाखेसारखा घट्ट धरणारा पदार्थ असतो. कागदावर ती छान बसते, पण शाईपेनमध्ये भरली की वाळून निबेचा मार्ग बंद करते, आणि मग पेन कितीही धुतलं तरी पूर्वीसारखं चालेलच असं नाही. वाढदिवसाच्या भेटीनं तिचं रोजचं पेन बंद पडलं असतं. म्हणून दुकानदाराला “शाईपेनची, पाण्यात विरघळणारी” असं स्पष्ट सांगायचं. ज्या वस्तूतलं आपल्याला कळत नाही ती घेताना, ती वापरणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारायचा: यात चूक कशी होते? दुकानदार आनंदानं सांगतात.

रंगाचाही विचार करावा लागला. लाल नको, कारण लाल म्हणजे तपासायच्या वह्या, म्हणजे काम. हिरव्याबद्दल मी त्याला थांबवलं. सरकारी कार्यालयांत हिरवी शाई वरिष्ठ अधिकाऱ्यांनी वापरायची असा संकेत आहे, शाळेत तिनं हिरव्यानं काही लिहिलं तर कुणीतरी टोकणार. त्यानं एक तपकिरी आणि एक मोरपिशी घेतली. स्वतःच्या लिखाणाला दोन्ही चालण्यासारख्या. आपल्याकडे चांगली देशी शाई मिळते, हेही त्याला त्या दुकानात पहिल्यांदा कळलं. कॅम्लिनची सुरुवातच शाईपासून झाली. 1931 साली दांडेकरांनी मुंबईत शाईच्या पुड्या आणि वड्या बनवायला घेतल्या होत्या. बंगालमधली सुलेखा ही शाई 1934 साली स्वदेशीच्या चळवळीतून निघाली. ही माहिती त्यानं रविवारी तिला सांगितली, आणि दोघांना बोलायला एक विषय मिळाला. वस्तूबरोबर सांगण्यासारखं काही खरं असलं तर देण्याचा क्षण अवघडत नाही.

दोन बाटल्या मिळून खर्च झाला तो दोघांनी आधीच्या भेटीत कॉफी आणि सँडविचवर केला होता साधारण तेवढाच. किमतीची मर्यादा मी नेहमी अशीच सांगते: एका भेटीत दोघांनी मिळून जे खाल्लं-प्यायलं त्याच्या वर जायचं नाही. तेवढी रक्कम परत करायची तर पुढच्या वेळी “बिल मी देते” म्हणून भागतं, आहेराची वही उघडावी लागत नाही. स्वस्त वाटेल ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांनी 2009 साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. देणाऱ्यांना वाटत होतं की भेट जितकी महाग तितकी ती समोरच्याला जास्त भावेल. घेणाऱ्यांच्या मनात मात्र किंमत आणि कौतुक यांचा तसा संबंध दिसला नाही. म्हणजे वरचे हजार-दोन हजार बहुतेक वेळा देणाऱ्याच्या धीरासाठीच खर्च होतात.

बांधणीबद्दल दोन शब्द. जवळच्या मित्राला वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं तरी चालतं, ओळख नवी असताना चालत नाही. यावरही 2020 साली जेसिका रिक्सम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. मित्राकडून आलेली भेट ओबडधोबड बांधलेली असेल तर लोकांना ती उलट जास्त आवडते, कारण नीटनेटक्या बांधणीमुळे अपेक्षा वाढते आणि आतली वस्तू त्या मानानं कमी वाटते. नवख्या ओळखीत नेमकं उलट होतं. तिथे बांधणीवरून माणूस अंदाज घेतो की समोरच्यानं आपल्यासाठी वेळ काढला की नाही. तेव्हा कागद सरळ कापावा, घडी नीट घालावी. चकचकीत रिबिनी, चॉकलेटची टोपली, मोठा खोका यांची गरज नाही. शाईच्या बाटल्यांना झाकणाभोवती चिकटपट्टी लावून त्या आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालाव्या लागल्या, एवढाच काय तो वेगळा उपद्व्याप.

आणि पार्सल करायचं नाही. भाच्याला गुरुवारीच ते तिच्या शाळेत पोहोचवायचं होतं. शिक्षकांच्या खोलीत पुण्याहून पार्सल येतं, वर पाठवणाऱ्याचं नाव, आणि सहा सहकारी “कुणाचं गं?” म्हणून विचारतात, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे नव्हतं. घरी पाठवलं तर आई उघडते, भाऊ उघडतो. ज्या गोष्टीबद्दल तिनं अजून स्वतःशी ठरवलेलं नाही, तिचा खुलासा तिला चारचौघांत करावा लागतो. हातात दिलेली वस्तू ती पिशवीत टाकू शकते, घरी सांगायचं की नाही, केव्हा सांगायचं, हे तिच्याकडे राहतं. म्हणून वाढदिवसाला फक्त शुभेच्छा आणि वस्तू पुढच्या भेटीत. तीन दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही.

आता शुभेच्छांकडे येते, कारण पुष्कळदा वस्तूची गरजच नसते आणि नुसत्या शुभेच्छेनं काम होतं.

रात्री बाराच्या ठोक्याला संदेश पाठवू नये. तो हक्क जिवलगांचा असतो. शिवाय बाराला फोन वाजला की घरात कुणीतरी विचारतंच. सकाळीही माणूस कामावर निघायच्या गडबडीत असतो, तेव्हा फोन करण्यापेक्षा संदेश बरा. वेळ मिळेल तेव्हा तो वाचला जातो. काही घरांत वाढदिवस तिथीनं करतात, औक्षणही त्याच दिवशी. चांद्र वर्ष आपल्या इंग्रजी वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान असतं आणि अधिक महिना आला की तो फरक भरून निघतो, त्यामुळे तिथी तारखेच्या मागेपुढे सरकत राहते. दर 19 वर्षांनी दोन्ही जवळजवळ एकाच दिवशी येतात. बायोडेटावरच्या तारखेला शुभेच्छा दिल्या आणि उत्तर आलं, “आमच्याकडे परवाच झाला,” तर ओशाळून जायचं कारण नाही. “मग औक्षणाला काय गोड होतं?” एवढं विचारावं. पुढच्या पाच मिनिटांच्या बोलण्याची सोय होते.

फॉरवर्ड केलेली फुलं, समया, फुगे आणि “आई तुळजाभवानी आपणास उदंड आयुष्य देवो” असा तयार मजकूर त्या दिवशी तिला तीस जणांकडून येणार असतो. त्यात तुमचा एकतिसावा. त्याच्या जागी आपल्या बोटांनी लिहिलेली दोन वाक्यं पुरतात. भाच्यानं आधी लिहिलं होतं: “तुझ्यासारखी व्यक्ती आयुष्यात आली हे माझं भाग्य. तुझी सगळी स्वप्नं पूर्ण होवोत आणि त्यात मला जागा मिळो.” मनापासून लिहिलं होतं त्यानं, त्यात शंका नाही. पण यात त्या मुलीबद्दल एकही गोष्ट नाही. हे कुणालाही पाठवता आलं असतं. आणि शेवटच्या तुकड्यात तिच्याकडे मागणी आहे. वाढदिवसाच्या दिवशी तिला तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लावू नये. शिवाय फोनवर ती अजून “तुम्ही” म्हणत होती. तिनं “तू” म्हणण्याआधी यानं शुभेच्छेत “तू” म्हणायला लागणं म्हणजे तिच्याऐवजी एक पाऊल आपणच टाकणं.

शेवटी गुरुवारी सकाळी गेलं ते असं: “वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा! आज आठवीच्या मुलांनी वर्गात काय केलं, ते सवडीनं नक्की सांगा.” तिचं उत्तर दुपारी डब्याच्या सुट्टीत आलं आणि चांगलं लांब होतं. मुलांनी फळ्यावर तिचं चित्र काढलं होतं आणि नाक भलतंच मोठं झालं होतं. शुभेच्छेच्या शेवटी सहज उत्तर देता येईल असं एक दार ठेवलं, तर “थँक्यू” आणि हात जोडलेलं चिन्ह येऊन संवाद तिथेच संपत नाही.

शाईबरोबर दिलेल्या चिठ्ठीत चार वाक्यं होती: “वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्या दिवशी तुम्ही म्हणालात की गावात निळ्याशिवाय शाई मिळत नाही. या दोन रंगांतला एक तरी तुम्हाला आवडेल असं वाटलं. यंदा तपासायच्या वह्या कमी आणि स्वतःचं लिहिणं जास्त होवो.” खाली नुसतं नाव. “तुझाच” नाही, “सप्रेम” नाही. पहिल्या वाक्यात प्रसंग, दुसऱ्यात तिनं सांगितलेलं, तिसऱ्यात वस्तू का घेतली ते, चौथ्यात येणाऱ्या वर्षासाठी तिच्या उपयोगाची एक इच्छा. एवढ्यात काम होतं. वयाचा उल्लेख कुठेही नाही. लग्नाच्या बाजारात मुलीला तिचं वय इतक्यांदा ऐकवलं जातं की वाढदिवसाला तरी त्यातून तिला सुट्टी मिळावी.

पुस्तक देणार असाल तर ही चिठ्ठी वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवा, पहिल्या पानावर लिहू नका. तिच्याकडे ते पुस्तक असेल तर ती बदलून घेऊ शकेल किंवा कुणाला देऊ शकेल. खाऊ देणार असाल तर अंडं, उपवास आणि घरातलं पथ्य एकदा सरळ विचारून घ्या. “तुमच्या घरी काय चालतं?” या प्रश्नानं कुणाचा अपमान होत नाही. गुरुवारी उपवास असलेल्या मुलीला गुरुवारी केक नेऊन दिला, तर तो तिनं फक्त पाहायचा.

दिलेलं पोहोचलं की नाही, हे कसं ओळखायचं? “आवडलं का?” असं विचारून नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी हो असतं. “कशाला उगीच?” हेही धरून बसू नका; पहिल्यांदा ते म्हणणं ही आपल्याकडची रीत आहे. पण दोन दिवसांनी तेच पुन्हा निघालं, किंवा आठवड्याभरात तिच्याकडून तुमच्यापेक्षा दुप्पट महाग काहीतरी आलं, तर समजावं की ओझं झालं. मग थोडं थांबावं, पुढचं काही देऊ नये. वस्तू वापरात आली की त्याची खूण आपोआप दिसते. भाच्याला काही दिवसांनी एक फोटो आला: मोरपिशी शाईत लिहिलेली किराण्याची यादी. त्याखाली काही लिहिलेलं नव्हतं.

त्या स्थळाचं पुढे जमलं नाही. तिला शाळा सोडायची नव्हती, याला पुणे सोडता येत नव्हतं, आणि दोघांनी ते एकमेकांना नीट सांगितलं. अशा वेळी घरांमध्ये जो अवघड टप्पा येतो, “त्यांचं ते परत करायला हवं” म्हणून मध्यस्थाकरवी डबी पाठवण्याचा, तो इथे आलाच नाही. शाई अर्धी वापरून झाली होती, ती परत करायचा प्रश्नच नव्हता. पेंडंट दिलं असतं तर ते माझ्या केंद्राच्या टेबलावरून परत गेलं असतं. असे दागिने मी परत पोहोचवलेले आहेत, आणि ते पोहोचवताना दोन्हीकडच्या आयांचे चेहरे पाहिलेले आहेत. म्हणून या टप्प्यावर मी सगळ्यांना सांगते की वापरून संपणारी वस्तू द्या: शाई, चहा, वाचून दुसऱ्याला देता येईल असं पुस्तक, घरचे लाडू. नातं जुळलं तर दागिन्यांना पुढे आयुष्य पडलेलं आहे.

शेवटची विनंती मुलांच्या आईवडिलांना. मुलानं किंवा मुलीनं अशी लहानशी वस्तू आणली तर तिची किंमत विचारू नका, त्यावरून समोरच्या घराची ऐपत मोजू नका, आणि मुख्य म्हणजे तिच्या बदल्यात आपल्याकडून साडी किंवा पाकीट पाठवायची घाई करू नका. ती देवाणघेवाण अजून त्या दोघांचीच आहे, ती त्यांच्यातच राहू द्या.